तरबियत शिबिरात विमानाचा दरवाजा कोण बंद करणार?

हज-उमऱ्याच्या तरबियत शिबिरात एहराम कसा बांधायचा, तवाफचे फेरे कसे मोजायचे, हे नीट समजावतात. विमानाबद्दल मात्र वजन किती न्यायचे आणि कात्री हातातल्या बॅगेत ठेवू नका, एवढेच सांगतात. देऊळगाव राजासारख्या गावातले अनेक हाजी आयुष्यातला पहिला विमानप्रवास साठीनंतर, तोही एकदम मुंबई ते जेद्दाह असा पाच-साडेपाच तासांचा करतात. बंद जागेत ज्यांचा जीव घाबरतो, त्यांचे काय होते याची शिबिरात चर्चाच नसते. माझ्या मते ही मोठी चूक आहे.

माझी खाला न्हाणीघराची कडी कधी लावत नाही. जीपमध्ये मागे बसत नाही. उमऱ्याची सगळी तयारी झाली, आणि आदल्या रात्री मुंबईत लॉजच्या लिफ्टमध्ये ती अडकली. फार तर दोन मिनिटे. बाहेर आली तेव्हा हाताची बोटे वाकडी झालेली, ओठांना मुंग्या, आणि "हवा नाही, हवा नाही" एवढेच शब्द. त्या वर्षी ती गेली नाही, घरी परतली.

डॉक्टरांनी हृदय, दमा, रक्तदाब सगळे तपासले. काही निघाले नाही. हे आधी करायलाच हवे, कारण छातीत दुखणे आणि घाबरणे वरून सारखेच दिसते. मग त्यांनी सांगितले की हवा कमी पडली नव्हती, उलट श्वास जास्त झाला होता. घाबरला की माणूस भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि त्यामुळेच चक्कर, मुंग्या आणि गुदमरल्यासारखे वाटणे सुरू होते. गुदमरतेय म्हणून माणूस आणखी जोरात श्वास ओढतो. त्या रात्री आम्ही सगळे "खाला, जोरात श्वास घे" म्हणत होतो. म्हणजे आगीत रॉकेल ओतत होतो.

भर द्यायचा तो श्वास सोडण्यावर. नाकाने, पोट फुगेल असा, चार मोजेपर्यंत सावकाश घ्यायचा, छाती ताणायची नाही. मग ओठ थोडे आवळून सहा मोजेपर्यंत सोडायचा. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. खालाला आकडे मोजणे जमेना. ती सोडताना मनात सावकाश "सुब्हानल्लाह" म्हणू लागली, तेव्हा लय बसली. फजरनंतर आणि इशानंतर पाच-पाच मिनिटे, तीन आठवडे. ही सवय आधीच लावावी लागते, कारण घाबरलेल्या अवस्थेत नवे काही शिकता येत नाही.

पण नुसत्या श्वासाने भागत नाही, बंद जागेचीही सवय लागते. आम्ही घरातल्या धान्याच्या खोलीपासून सुरुवात केली. दार ओढलेले, कडी नाही, मी बाहेर. भीती दहापैकी किती, हे ती आतून सांगायची. पहिल्या दिवशी आठ. एकदा सातवर असताना ती धावत बाहेर आली, आणि दुसऱ्या दिवशी आत पाय ठेवणेच अवघड झाले. तेव्हापासून ठरवले की भीती निम्म्यावर आल्याशिवाय बाहेर यायचे नाही. साधारण बारा मिनिटांत ती चारवर यायची. मग जालन्याची एसटी, खिडकी बंद, मधली सीट. मग संभाजीनगरला लिफ्ट, आधी एक मजला, मग चार.

विमानातले आवाज आधी सांगून ठेवले होते. उड्डाणानंतर खाली धप्प आवाज येतो, तो चाके आत गेल्याचा. थोड्या वेळाने इंजिनाचा आवाज उतरतो आणि विमान खाली चालल्यासारखे वाटते. तेव्हा वैमानिक फक्त जोर कमी करतो. केबिनमधली हवा दर काही मिनिटांनी बदलते, निम्मी बाहेरून येते, उरलेली गाळून. टूरवाल्याला सांगून तिच्यासाठी रस्त्याकडेची सीट मागून घेतली. झोपेची गोळी तिने कुणाकडून तरी आणली होती, ती मी काढून घेतली; म्हाताऱ्या माणसाला अशा गोळीने तोल जाऊन पडण्याची भीती असते, ती डॉक्टरांना विचारूनच. नकाबचा प्रश्न एहराममुळे आपोआप सुटला, चेहरा उघडाच होता.

सर्वात वाईट वेळ आकाशात आली नाही. दरवाजा बंद होऊन विमान धावपट्टीसाठी थांबलेले, एसी मंद, घाम आणि पुढे काही हलत नाही, ती पंचवीस मिनिटे वाईट गेली. खाला आठवर पोहोचली. हवाईसुंदरीला चढतानाच सांगून ठेवले होते, तिने थंड पाणी आणून दिले. उड्डाण होईपर्यंत खाला पाचवर होती, मीकात आल्याची घोषणा झाली तेव्हा दोनवर. परतीच्या प्रवासात पुन्हा सहा. भीती गेलेली नाही, ती अजून न्हाणीघराची कडी लावत नाही.

माझे शिबिरवाल्यांना एवढेच म्हणणे आहे. एका दुपारी हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या तीन-तीन चिकटवून ओळीत मांडा, दारे-खिडक्या लावा, पंखे बंद करा आणि सगळ्यांना अर्धा तास बसवा. कोण उठून दाराकडे जातो ते पाहा. निघायला महिनाभर बाकी असतानाच पाहा.