इंदापूरचा अर्ज, बारामतीची सही : दाखला रखडला तर पाठपुरावा नेमका कुठे आणि कसा करायचा?

बारामती : प्रवेशाचा हंगाम सुरू झाला की इंदापूर आणि बारामती तालुक्यांतील सेतू केंद्रांवर एकच प्रश्न ऐकू येतो, ‘दाखला आला का?’ केंद्रचालक म्हणतो ‘पेंडिंग दिसतोय’, तहसीलमध्ये सांगतात ‘वर पाठवलाय’, आणि घरच्यांची एक चक्कर वाया जाते. ही चक्कर बहुतेक वेळा पावतीवरच्या अर्ज क्रमांकाने वाचू शकते. तो वापरायचा कसा, हे नॉन-क्रिमीलेयर दाखल्याच्या उदाहरणातून पाहू.

अर्ज इंदापुरात, मग बारामतीचा संबंध काय?

उत्पन्नाच्या दाखल्याचे काम तहसील कार्यालयातच संपते. जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर यांवर मात्र उपविभागीय अधिकाऱ्याची, म्हणजे प्रांतांची सही लागते. बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके बारामती उपविभागात येतात आणि प्रांत कार्यालय बारामतीत आहे.

त्यामुळे इंदापूर तालुक्यातील अर्ज आधी तहसीलच्या टेबलांवर तपासला जातो आणि मग ऑनलाइनच बारामतीला जातो. सही डिजिटल असते. दाखला तयार झाला की तो पोर्टलवरून उतरवून घेता येतो, बारामतीला जावे लागत नाही. म्हणूनच पाठपुरावा करताना ‘झाला का?’ असे न विचारता ‘अर्ज सध्या कोणत्या टेबलावर आहे?’ असे विचारावे.

अर्जाची स्थिती कशी पाहायची?

aaplesarkar.mahaonline.gov.in या पोर्टलवर Track Your Application ही सोय आहे. तिथे विभाग, उपविभाग आणि सेवेचे नाव निवडून पावतीवरचा अर्ज क्रमांक टाकायचा. अनेकांची चूक इथेच होते. प्रमाणपत्र खरे आहे का हे तपासण्याची वेगळी खिडकी त्याच पानावर आहे. तिथे तयार दाखल्यावरचा बारकोड क्रमांक लागतो. अर्ज क्रमांक तिथे टाकला तर काहीच सापडत नाही आणि ‘अर्जच गेला नाही’ असा गैरसमज होतो. सेवा चुकीची निवडली, म्हणजे नॉन-क्रिमीलेयरऐवजी जातीचा दाखला निवडला, तरी तेच घडते.

‘प्रलंबित’ आणि ‘त्रुटीसाठी परत’ यांत फरक काय?

सगळ्यात मोठा घोळ याच ठिकाणी होतो. प्रलंबित म्हणजे अर्ज कार्यालयाकडे आहे. त्रुटीसाठी परत म्हणजे तो अर्जदाराकडे आला आहे आणि कार्यालय त्यावर पुढे काहीच करणार नाही. अस्पष्ट स्कॅन, शाळेच्या दाखल्यावरचे आणि आधारवरचे नाव न जुळणे, तीन वर्षांऐवजी एकाच वर्षाच्या उत्पन्नाचा पुरावा जोडणे, ही त्याची नेहमीची कारणे.

त्रुटीचा संदेश नोंदवलेल्या मोबाइलवर जातो. पण अर्ज केंद्रातून भरताना केंद्रचालकाचाच नंबर टाकला गेला असेल, तर घरी कोणालाच काही कळत नाही. अर्ज भरतानाच आपला नंबर टाकायला सांगावा आणि पावतीवर तो तपासून घ्यावा.

मुदत कधीपासून मोजायची?

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ती १५ दिवस आहे. नॉन-क्रिमीलेयरची मुदत पावतीवर आणि पोर्टलवर पाहता येते. अर्ज केल्यावर क्रमांक, दिनांक आणि मुदत कळवणे कार्यालयावर बंधनकारक आहे. मात्र ही मुदत सर्व बाबतींत पूर्ण असलेला अर्ज मिळाल्यापासून मोजली जाते.

एक कल्पित उदाहरण घ्या. इंदापूर तालुक्यातील एका विद्यार्थिनीने १० जूनला अर्ज केला. १९ जूनला तो उत्पन्नाच्या पुराव्यासाठी परत आला. संदेश केंद्रचालकाच्या मोबाइलवर गेला. जुलैच्या सुरुवातीला तिने क्रमांक टाकून पाहिले तेव्हा त्रुटी दिसली आणि ८ जुलैला तिने कागद जोडले. आता मुदत ८ जुलैपासून धरली जाईल. ‘१० जूनपासून थांबलोय’ असे तिने कार्यालयात म्हटले, तर रेकॉर्ड तिच्या बाजूने बोलणार नाही. आठवड्यातून एकदा क्रमांक टाकून पाहिले असते, तर बरेच दिवस वाचले असते.

विचारणा कोणत्या शब्दांत करावी?

मुदत संपत आली आणि अर्ज प्रलंबितच दिसत असेल तर लेखी विनंती करावी. पत्र छोटे असावे. अर्ज क्रमांक पहिल्याच ओळीत हवा, कारण टेबलावरचा कर्मचारी नावाने नव्हे, क्रमांकाने अर्ज शोधतो. नमुना असा :

*प्रति,*
*मा. उपविभागीय अधिकारी,*
*बारामती उपविभाग, बारामती.*

*विषय : नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र, अर्ज क्र. ________, दि. ________.*

*महोदय,*
*वरील अर्ज मी ________ केंद्रातून सादर केला आहे. त्रुटीची पूर्तता दि. ________ रोजी केली असून पोर्टलवर अर्ज आजही प्रलंबित दिसतो. प्रवेशासाठी प्रमाणपत्र दि. ________ पर्यंत सादर करायचे आहे. अर्ज सध्या कोणत्या स्तरावर आहे आणि माझ्याकडून आणखी काही पूर्तता हवी आहे का, हे कृपया कळवावे, ही नम्र विनंती. सोबत पावतीची प्रत जोडली आहे.*

*आपला/आपली विश्वासू,*
*नाव, गाव, मोबाइल*

अर्ज तहसीलमध्येच असल्याचे दिसत असेल तर हेच पत्र तहसीलदारांच्या नावे द्यावे. पत्राच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक व तारीख घ्यावी. तोंडी विचारणेची नोंद कुठेच राहत नाही, आवक शिक्क्याची राहते. बारामतीला जाण्याआधी पोर्टलच्या १८०० १२० ८०४० या टोल फ्री क्रमांकावरही अर्ज क्रमांक सांगून चौकशी करता येते.

मुदत उलटली तर?

विनंतीपत्र म्हणजे अपील नव्हे. मुदत संपल्यावर किंवा अर्ज फेटाळल्यावर ३० दिवसांत प्रथम अपील करता येते. योग्य कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण कमाल ९० दिवसांपर्यंतच. त्यामुळे ‘बघू, पुढच्या आठवड्यात होईल’ असे म्हणत थांबणे महागात पडू शकते. अपील पोर्टलवरूनच दाखल होते आणि तिथेही तोच अर्ज क्रमांक लागतो.

प्रथम अपिलात समाधान झाले नाही तर द्वितीय अपील आणि त्यानंतर राज्य लोकसेवा हक्क आयोग, असे टप्पे आहेत. पुरेशा कारणाशिवाय सेवा दिली नाही असे अपिलात ठरले, तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्ज फेटाळायचा असेल तर कारण लेखी द्यावे लागते.

या कायद्याची मर्यादाही ध्यानात ठेवावी. प्रवेशाची अंतिम तारीख त्याच्या मुदतीशी बांधलेली नसते. दाखल्याची मुदत शिल्लक असतानाच प्रवेशाची तारीख निघून गेली, तर अपिलाचा उपयोग होत नाही. अशा वेळी हातात उरते ते तारीख नमूद केलेले विनंतीपत्र. म्हणून अर्ज निकालाच्या दिवशी नव्हे, त्याच्या कितीतरी आधी करावा आणि पावतीचा फोटो घरातल्या दोन मोबाइलमध्ये तरी ठेवावा.