अजमासाचे गणित आणि अभियंत्यांची परीक्षा

अभियांत्रिकीच्या प्रश्नपत्रिकेत एक वाक्प्रचार पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसला आहे: 'योग्य तेथे सयुक्तिक गृहीतके धरा.' सूचना उत्तम आहे; परंतु तिचा उपयोग करण्याची वेळ विद्यार्थ्यावर सहसा येतच नाही. नळाचा व्यास, पाण्याचा वेग, घर्षणाचा गुणांक असे जे जे लागेल ते सर्व प्रश्नातच दिलेले असते, आणि जे दिलेले नसते ते लागत नाही. सूत्र आठवावे, आकडे घालावेत आणि दशांशचिन्हापुढील तिसऱ्या स्थळापर्यंत उत्तर काढावे, एवढेच उरते. पदवी घेऊन बाहेर पडलेल्या अभियंत्याला मात्र पहिल्याच नोकरीत असे प्रश्न भेटतात, की ज्यांत काहीच दिलेले नसते.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यात लोणी, संगमनेर व कोपरगाव येथे १९८३च्या सुमारास ग्रामीण भागातील अभियांत्रिकी महाविद्यालये उभी राहिली. त्यांच्या आसपासच्या शेतकऱ्याला दर वर्षी पावसाळा सरला की एक अंदाज बांधावाच लागतो: विहिरीत आहे तेवढ्या पाण्यावर किती रान भिजेल? नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावाने हाच अंदाज सार्वजनिक केला. १९७२च्या दुष्काळानंतरच्या काळात खालावत गेलेल्या या गावाची धुरा १९८९-९०च्या सुमारास पोपटराव पवार यांच्याकडे आली. पुढे माती-पाणी अडविण्याच्या कामांबरोबरच तेथे गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडण्याचा प्रघात पडला. पाऊस मोजायचा, प्रथम माणसे व जनावरे यांचे पाणी बाजूला काढायचे आणि उरेल त्यावर रब्बीची पिके ठरवायची, अशी ती पद्धत आहे. शेतीसाठी कूपनलिका नको, ऊस व केळी नको, हे निर्बंधही त्याच हिशेबातून आले. पदवीच्या परीक्षेत विचारावा असा अजमासाचा प्रश्न याहून चांगला कोणता असणार?

तो प्रश्न असा मांडता येईल. 'जिल्ह्याच्या अवर्षणप्रवण भागात सुमारे एक हजार हेक्टर क्षेत्राचे व दीड हजार लोकवस्तीचे एक गाव आहे. वर्षाचा पाऊस ४०० मिलिमीटर. बाहेरून पाणी येत नाही. गावाने रब्बीत किती हेक्टर कांदा लावावा? याच पाण्यावर ऊस घेतल्यास किती हेक्टर निभेल?' याखेरीज एकही आकडा द्यावयाचा नाही.

प्रथम सोयीचे माप निवडावे. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी, आणि उन्हाळ्यात गावोगाव फिरणाऱ्या टँकरची क्षमताही साधारण तेवढीच असते. तेव्हा 'हेक्टरी एक मिलिमीटर म्हणजे एक टँकर' हे मनात ठेवले की पुढचे गणित तोंडी होते. गावावर पडणारा पाऊस हजार गुणिले चारशे, म्हणजे चार लाख टँकर. आता दीड हजार माणसांना दरडोई रोज ५० लिटर धरले, तर वर्षाला सुमारे २,७०० टँकर लागतात. म्हणजे पिण्याची व घरवापराची गरज पडलेल्या पावसाच्या एक टक्काही नाही! मग अशाच गावांना चैत्र-वैशाखात टँकर का मागवावे लागतात? हा प्रश्न ज्याला येथे पडला नाही, त्याचे गुणाकार कितीही अचूक असले तरी त्याने गाव पाहिले नाही असेच म्हणावे लागेल.

उत्तर जमिनीखाली आहे. वर मातीचा थर, त्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण, अशी दख्खनच्या पठाराची रचना आहे. पावसाचा बराच भाग मातीत मुरतो व पिके, गवत आणि ऊन त्याला परत वर नेतात. काही ओढ्याने वाहून जातो. विहिरीच्या झऱ्यापर्यंत पोहोचणारा हिस्सा अगदी लहान असतो. भूजलाच्या शासकीय मूल्यमापनात झिजलेल्या बसाल्टसाठी तो पावसाच्या सुमारे सात टक्के, तर सच्छिद्र व सांधे असलेल्या बसाल्टसाठी सुमारे तेरा टक्के धरण्याची शिफारस आहे. विद्यार्थ्याला हे आकडे पाठ असण्याचे कारण नाही. 'निम्म्याहून खूप कमी, पण शंभरात एकाहून बरेच जास्त' एवढी समज असली तरी तो दहा टक्क्यांच्या आसपास येतो. दहा टक्के धरल्यास विहिरींना मिळाले चाळीस हजार टँकर. (उरलेले नव्वद टक्के वाया गेले असे लिहिणाऱ्याचे मात्र गुण कापावेत, खरिपाची बाजरी त्याच ओलीवर येते.)

या चाळीस हजारांतून माणसांचे २,७०० वजा करावेत. हजार गुरे, प्रत्येकी रोज ६० लिटर, असे धरल्यास त्यांचे सुमारे २,२०० होतात. दोन्ही मिळून पाच हजार. उरले पस्तीस हजार. रब्बी कांद्याला हंगामात सुमारे ६०० मिलिमीटर पाणी द्यावे लागते, म्हणजे हेक्टरी सहाशे टँकर. तेव्हा कांदा जेमतेम साठ हेक्टर. पाटाने भिजविलेल्या उसाला पावसाखेरीज वर्षात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी धरावे लागेल. ठिबकने ते बरेच उतरते. पाटाच्या हिशेबाने ऊस सतरा-अठरा हेक्टर, आणि गावाचा भूजलाचा घडा रिकामा! दीड हजार माणसांचे वर्षाचे पाणी सव्वा-दीड हेक्टर उसात, म्हणजे तीन-साडेतीन एकरांत, संपते. हिवरे बाजारने उसाला गावाबाहेर का ठेवले, हे सांगायला आता भाषणाची गरज राहत नाही.

उत्तर बरोबर की चूक हे कसे ओळखावे? पुस्तकाच्या शेवटी पाहून नव्हे, तर दुसऱ्या वाटेने तेथेच येऊन. गावात शंभर विहिरी आहेत असे धरू. प्रत्येकीवर तीन अश्वशक्तीचा पंप आहे. अठरा मीटर उंचीवर पाणी चढविताना विजेतील चाळीस टक्के शक्तीच कामी आली, तरी तो तासाला अठरा हजार लिटर पाणी काढतो, म्हणजे पावणेदोन-दोन टँकर. रोज किती तास? काळ्या पाषाणातील विहीर उपसली की सावकाश भरते, म्हणून दिवसभर पंप चालणे शक्य नाही. एका तासापेक्षा कमी नाही आणि नऊपेक्षा जास्त नाही, असे वाटत असेल तर मधला आकडा पाच घेण्याचा मोह होतो, तो टाळावा. एक व नऊ यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ तीन, तेच घ्यावे. तीन हा आकडा दोन्ही टोकांपासून सारखाच तिप्पट अंतरावर आहे. पाच हा खालच्या टोकाच्या पाचपट आहे आणि वरच्या टोकाच्या निम्म्याहून अधिक आहे. रोज तीन तास, रब्बीचे शंभर दिवस, शंभर विहिरी: एकूण तीस हजार तास आणि सुमारे चोपन्न हजार टँकर. पहिल्या वाटेने चाळीस आले होते. उपसलेल्या पाण्यापैकी काही शेतातून पुन्हा झिरपून विहिरीत येते, त्यामुळे उपसा थोडा अधिक दिसणे स्वाभाविकच. मात्र येथे चार लाख आले असते, तर एकतर गाव साठ्याच्या दहापट उपसते आहे किंवा विद्यार्थ्याने कोठेतरी एक शून्य जादा लावले आहे. बहुधा दुसरेच. हेक्टर व चौरस मीटर यांच्यामध्ये ते शून्य हमखास शिरते.

या दुसऱ्या हिशेबात विहिरी, तास, दिवस व पंपाचे पाणी असे चार अंदाज आहेत. प्रत्येकात दुपटीची चूक असली तर उत्तर सोळापटीने ढळेल, अशी भीती अनेक प्राध्यापक घालतात. चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर काही वर जातात, काही खाली, आणि एकूण चूक साधारण चौपटीत राहते. स्वतंत्र नसतील तर मात्र ही सवलत मिळत नाही. गावात पाणी भरपूर आहे असे आधीच ठरवून बसलेला विद्यार्थी विहिरी, तास आणि दिवस हे तिन्ही वाढवूनच धरतो.

एन्रिको फर्मी हे भौतिकशास्त्रज्ञ अशा प्रश्नांसाठी प्रसिद्ध होते. शिकागोत पियानो जुळविणारे किती, हा त्यांच्या नावाशी जोडला गेलेला प्रश्न आज जगभर विचारला जातो. नगरच्या मुलाने त्यावर डोके शिणवावे असे काही नाही. १६ जुलै १९४५ रोजी पहिल्या अणुस्फोटाच्या वेळी त्यांनी हातातील कागदाचे कपटे खाली सोडले आणि स्फोटाच्या लाटेने ते किती सरकले यावरून त्याची शक्ती दहा हजार टन टीएनटीएवढी सांगितली. ती वीस हजार टनांहून थोडी अधिक होती. हे उत्तर आपल्या परीक्षेत नापास झाले असते.

कारण आपली गुणपद्धती शेवटच्या आकड्यावर बसविलेली आहे. परीक्षकांचा आक्षेप असा, की उत्तर एक नसेल तर तपासनीसागणिक गुण बदलतील आणि फेरतपासणीच्या अर्जांचा पूर येईल. आक्षेप खोटा नाही. पण त्याला उपाय आहे. दहा गुणांपैकी तीन प्रश्नाची फोड करण्याला, तीन प्रत्येक गृहीतकापुढे एका ओळीत कारण देण्याला, दोन एककांना, एक दुसऱ्या वाटेच्या पडताळणीला आणि एक 'माझे उत्तर सर्वांत जास्त कोणत्या गृहीतकावर टेकले आहे' हे सांगण्याला ठेवावा. येथे ते गृहीतक जमिनीत मुरणाऱ्या टक्केवारीचे आहे. विहिरींना मिळणारे पाणी वीस ते ऐंशी हजार टँकरांच्या मध्ये असेल तर आकड्यावरून कोणाचा गुण कापू नये. पण 'कांदा ५८.३३३ हेक्टर' असे लिहिणाऱ्याचा अर्धा गुण अवश्य कापावा; ज्याच्या एका गृहीतकातच दुपटीची शंका आहे, त्याने तीन दशांश स्थळे कोठून आणली?

दुसरा आक्षेप मार्गदर्शिका छापणाऱ्यांच्या धंद्याचा. एकदा विचारलेला प्रश्न पुढल्या वर्षी तयार उत्तरासह बाजारात येईल, हे खरेच. मग पुढल्या वर्षी त्याच गावात ४०० ऐवजी २५० मिलिमीटर पाऊस पाडावा. पाठ केलेला विद्यार्थी प्रमाण मांडील: चाळीस हजारांचे पंचवीस हजार झाले, पाच हजार वजा केले, उरलेल्या वीस हजारांवर कांदा तेहतीस हेक्टर. परंतु कमी पावसात आधी मातीची तहान भागते, आणि विहिरीपर्यंत जाणारा टक्काच खाली येतो. तो दहाऐवजी पाच धरला तर मिळतात साडेबारा हजार. माणसे व गुरे यांचे पाच हजार मात्र कमी होत नाहीत. उरलेल्या साडेसात हजारांत बारा-तेरा हेक्टर कांदा बसतो. गावाने तेहतीस हेक्टरांवर रोपे लावली, तर त्यांतली वीस हेक्टर माघातच सुकू लागतील.