आभाराचे पत्र जर्मनमध्ये लिहिताना

दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर मॅक्समुल्लर भवन आहे. तिथे आणि राजधानीतल्या कितीतरी शाळांत जर्मन शिकणाऱ्या मुलामुलींमध्ये मराठी घरांतली मुलेही असतात. शाळांच्या अदलाबदलीत यातली काही मुले दोन-तीन आठवडे एखाद्या जर्मन कुटुंबात राहून येतात. परत आल्यावर यजमानांना आभाराचे पत्र धाडायचे असते, आणि खरी परीक्षा तिथेच सुरू होते.

समजा, नोएडातली पंधरा वर्षांची एक मराठी मुलगी अशीच परत आली आहे. आईने मायेने मराठीत मजकूर सांगितला : 'सादर नमस्कार. तुम्ही मला पोटच्या मुलीसारखे वागवलेत. तुमचे उपकार मी कधीच फेडू शकणार नाही. माझ्याकडून काही चुकले असल्यास क्षमा असावी. आमच्याकडे नक्की या.' मराठीत यातला एक शब्दही वावगा नाही. पण शब्दाला शब्द ठेवून तो जर्मनमध्ये नेला, तर वाचणारे यजमान गोंधळात पडतील.

पहिला पेच 'तुम्ही'चा. आपले 'तुम्ही' दोन कामे करते. वडीलधाऱ्या एका माणसालाही तुम्ही आणि चार मित्रांनाही तुम्हीच. जर्मनमध्ये ही कामे वेगळी आहेत. जवळच्या एकाला 'दू', जवळच्या अनेकांना 'ईर' आणि परक्याला किंवा मान द्यायच्या माणसाला, तो एक असो वा दहा, 'झी'. मराठी मुलीला वाटते, यजमान आईवडिलांच्या वयाचे, तेव्हा 'झी' म्हणणेच सभ्यपणाचे.

इथेच घात होतो. 'दू' म्हणायची परवानगी मोठ्या माणसाने धाकट्याला द्यायची, अशी जर्मन रीत आहे. पहिल्याच संध्याकाळी यजमानीणबाईंनी आपले पहिले नाव सांगून 'मला दू म्हण' असे म्हटले असेल आणि मुलगी तीन आठवडे तसे बोलली असेल, तर पत्रात पुन्हा 'झी' लिहिणे आदराचे ठरत नाही. मुलीचे काही बिनसले की काय, असेच तिकडे वाटेल. आपल्याकडे 'अगं वहिनी' म्हणणारा दीर अचानक 'अहो वहिनीसाहेब' म्हणू लागला, तर वहिनी चमकेलच ना?

उलट बाजूही ध्यानात ठेवावी. अशी परवानगी कधी मिळालीच नसेल, तर पत्रात आपणहून 'दू'वर उतरणे उद्धटपणाचे. नेमके आठवत नसेल तर त्यांची जुनी पत्रे काढावीत. खाली त्यांनी नुसते पहिले नाव लिहिले असेल तर 'दू' चालते. 'श्रीमती अमुक' अशी आडनावासह सही असेल तर 'झी'च बरे. घरात एखादी आजी असेल आणि तिच्याशी मात्र 'झी'नेच बोलणे झाले असेल, तर तिला चार ओळींची वेगळी चिठ्ठी लिहावी. एकाच पत्रात दोन्ही रूपांची सरमिसळ नको.

'झी' म्हटले म्हणजे पत्र कोरडे झाले, असे मात्र मुळीच नाही. ऊब मायन्यात असते. 'झेअर गेएर्टे' हा मायना कचेरीचा. बँकेला, कॉलेजला लिहावा तसा. घरच्या माणसांना 'लीबे फामिलिए' आणि पुढे आडनाव, म्हणजे 'प्रिय अमुक कुटुंब'. हा मायना 'झी'बरोबरही शोभतो आणि 'ईर'बरोबरही. मायन्यानंतर स्वल्पविराम द्यायचा आणि पुढची ओळ लहान अक्षराने सुरू करायची. इंग्रजीच्या सवयीने तिथे मोठे अक्षर पडते, आणि चूक लगेच दिसते.

आता आभार. इथे मराठी माणसाला थोडी सवलत आहे. 'तुम्हांला धन्यवाद' म्हणताना आपण चतुर्थी वापरतो, आणि जर्मन क्रियापदालाही तीच विभक्ती लागते. 'इख दांके ऑइख' म्हणजे मी तुम्हां सगळ्यांना धन्यवाद देते. 'झी' असेल तर 'इख दांके ईनेन'. पण या 'ईनेन'चे पहिले अक्षर मोठे हवे. ते लहान पडले की अर्थ होतो 'मी त्यांना धन्यवाद देते'. ते कोण, असा प्रश्न यजमानांना पडेल! 'दू' आणि 'ईर' मात्र पत्रात लहान अक्षराने लिहिले तरी चालतात, मोठ्यानेही. १९९६ च्या शुद्धलेखन सुधारणेने लहान अक्षर सक्तीचे केले होते. २००६ मध्ये पत्रांपुरती दोन्हींना मुभा मिळाली. जुन्या आणि नव्या पुस्तकांत फरक दिसतो तो यामुळे.

आईच्या मजकुरातले 'पोटच्या मुलीसारखे' हे वाक्य काढायचे काहीच कारण नाही. 'पोटच्या' एवढे गाळावे. 'ईर हाब्ट मिख वी आइने टोख्टर आउफगेनोमेन', म्हणजे तुम्ही मला मुलीसारखे सामावून घेतलेत, हे जर्मन कानालाही गोड लागते. 'उपकार फेडू शकणार नाही' मात्र तिकडे कर्जासारखे ऐकू येते. त्याऐवजी एखादी खरी आठवण लिहावी. मुलगी शाकाहारी. यजमानीणबाई रोज सकाळी तिच्यासाठी मांसाचा तुकडा न घालता शाळेचा डबा करत. मधल्या सुट्टीतल्या या पावाला जर्मनमध्ये 'पाउझेनब्रोट' म्हणतात. 'दांके, दास दू मीर येडेन मॉर्गेन आइन पाउझेनब्रोट ओने वुर्स्ट गेमाख्ट हास्ट.' रोज सकाळी सॉसेजशिवायचा डबा करून दिलास, त्याबद्दल आभार. या एका वाक्यात उपकाराच्या दहा वाक्यांहून जास्त माया आहे. शिवाय 'दास'नंतर क्रियापद शेवटी जाते, अगदी मराठीसारखे, त्यामुळे मुलगी इथे अडखळणार नाही. एकट्या बाईंना उद्देशून हे वाक्य लिहिताना आधी त्यांचे नाव घालावे. नाहीतर 'ईर'वरून एकदम 'दू' कुणाला, ते कळत नाही.

'काही चुकले असल्यास क्षमा असावी' हे तर साफ वगळावे. आपल्याकडे तो निरोपाचा रिवाज आहे. जर्मन यजमान मात्र ते खरे धरतील आणि पोरीने काय मोडले, म्हणून कपाटे तपासतील. खरेच काही फुटले असेल, तर ते नाव घेऊन सांगावे.

शेवटी 'मित फ्रॉइंडलिखेन ग्र्यूसेन' लिहू नये. सरकारी उत्तराखाली शोभेल असा तो समारोप आहे. 'हेर्त्सलिखे ग्र्यूसे' घरगुती आहे आणि मर्यादेतही बसतो. त्याच्यापुढे स्वल्पविराम नसतो. खाली 'ऑयरे' म्हणजे 'तुमची', आणि नाव. 'झी' वापरले असेल तर तिथे 'ईरे' येईल, मोठ्या अक्षराने. मोठ्यांना नमस्कार, छोट्यांना आशीर्वाद ही ओळ जशीच्या तशी जात नाही. 'आईबाबांकडूनही शुभेच्छा' म्हटले की पुरते.

पत्र पाकिटात घालण्याआधी पेन्सिलीने त्यातल्या सगळ्या सर्वनामांखाली रेघ ओढावी. सुरुवातीला 'ऑइख' आणि चौथ्या ओळीत 'ईनेन' असे झाले असेल, तर ते तिथेच सापडते. हीच चूक सर्वांत जास्त होते, कारण आपल्या मनात दोन्हींसाठी 'तुम्हांला' हा एकच शब्द असतो.

राहिले 'आमच्याकडे नक्की या'. जर्मन माणूस हे तोंडदेखले आमंत्रण समजत नाही. तो कॅलेंडर उघडतो. म्हणून मनापासून बोलवायचे असेल तर महिना लिहावा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुके आणि विमानांना उशीर, मे-जूनमध्ये लू, फेब्रुवारी उत्तम. आणि ते खरोखरच येणार असतील, तर त्यांना कुठे झोपवायचे, हे आईबाबांना आधी विचारून घ्यावे.