गूळ परत का आला?



गेल्या हंगामात एका सकाळी मी नृसिंहवाडीला गेलो होतो. पौर्णिमेची गर्दी ओसरली होती. कुरुंदवाडच्या वाटेवरील एका घरी चहाला बसलो, तर ओसरीच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याची सहा खोकी रचलेली दिसली. दोरी तशीच, चिठ्ठी तशीच, पण कोपरे चेपलेले. घरातल्या वहिनी म्हणाल्या, "साहेब, गूळ आमचा गोड, पन हिशोब कडू झालाय. माणसं मागवत्यात आनि दारात गेल्यावर नको म्हनत्यात. आता बंदच करावं म्हनतो."

या कुटुंबाचा दोन एकर ऊस आहे. त्यातल्या थोड्या उसाचा गूळ गुऱ्हाळावर करून घेतात आणि एक किलोचे तीन रवे एका खोक्यात भरून मोबाईलवरून विकतात. वाडीला दर्शनाला आलेले पुण्या-मुंबईचे लोक गूळ चाखतात, नंबर घेऊन जातात आणि घरी गेल्यावर मागणी नोंदवतात. पैसे मात्र माल हातात पडल्यावर. यालाच कॅश ऑन डिलिव्हरी म्हणतात.

ही पद्धत आपल्याला नवी नाही. आपल्या टपाल खात्याने 1877 साली व्ही.पी. सुरू केली. पुस्तके, औषधे, घड्याळे व्ही.पी.ने घरी येत, पोस्टमन पैसे घेई आणि ते विक्रेत्याला मनीऑर्डरने मिळत. व्ही.पी. परत आली की टपालखर्च विक्रेत्याच्या अंगावर पडे. म्हणून बरेच विक्रेते मागणीबरोबर थोडी रक्कम आगाऊ मागत. ही जुनी युक्ती ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

प्रथम वहिनींचा हिशेब मांडू. एका खोक्याची किंमत घरपोच 540 रुपये. त्यात गुळाचा खर्च 210, खोके-पिशवी-चिकटपट्टी 30, कुरिअरचे भाडे 130 आणि दारात पैसे गोळा करण्याचा आकार 40. एकूण 410. म्हणजे माल पोचला तर हाती 130 रुपये उरतात. माल परत आला तर जाण्याचे भाडे 130 गेले, परतीचे भाडे 120 कापले आणि 30 रुपयांचे खोके वाया गेले. नुकसान 280. त्यांच्या कंपनीने वसुलीचा आकार परत दिला, म्हणून तो धरलेला नाही. सगळ्या कंपन्या तो देतातच असे नाही.

त्या महिन्यात वीस खोकी गेली. चौदा पोचली, त्यांचे 1,820 रुपये. सहा परत आली, त्यांचे नुकसान 1,680 रुपये. महिनाभर खपून हाती उरले 140 रुपये! शिवाय परतीच्या गुळाला ओल लागून पाणी सुटले, तर तोटा आणखी वाढणार.

मी म्हटले, "वहिनी, बंद करण्याआधी या सहाही गिऱ्हाइकांना फोन करू." त्यांच्या मुलीने स्पीकर लावला. दोघांनी मान्य केले की मन बदलले होते, एकाकडे तर मालकीणबाईंनी मागवले होते आणि मालकांनी परत पाठवले होते. एकाच्या पत्त्यात इमारतीचे नावच नव्हते. उरलेले तिघे मात्र चिडले. "आम्ही वाट पाहत होतो, कुणी आलेच नाही!" आणि मोबाईलच्या पडद्यावर त्याच तिघांपुढे लिहिले होते Customer Refused, म्हणजे गिऱ्हाइकाने नाकारले. तात्पर्य, सहांपैकी तीन नकार मुळी झालेच नव्हते.

असे का होते? माल पोचवणाऱ्या मुलाच्या पाठीवर दिवसाला ढीगभर पार्सले असतात. बहुतेकांना पोचलेल्या नगावर पैसे मिळतात. तीन किलोचे खोके चौथ्या मजल्यावर न्यायचे, पैसे मोजायचे, सुटे द्यायचे, यात वेळ जातो. संध्याकाळी उरलेल्या प्रत्येक पार्सलापुढे काही तरी कारण नोंदवावेच लागते. मग कुणी 'दार बंद' दाबतो, कुणी 'नाकारले' दाबतो. त्या मुलाची अडचण खरी आहे, पण तिचे भाडे आपण भरतो.

खोटा नकार ओळखण्याच्या खुणा आहेत. पडद्यावर पार्सलाचा प्रवास वेळेसह दिसतो. त्या दिवशी Out for Delivery, म्हणजे 'वाटपासाठी निघाले', ही नोंदच नसेल आणि थेट नकार असेल, तर संशय घ्यावा. नकाराची वेळ रात्री उशिराची असेल किंवा तुमची दोन-तीन पार्सले एकाच मिनिटाला 'नाकारली' गेली असतील, तर संशय पक्का समजावा. सर्वात मोठी साक्ष गिऱ्हाइकाच्या फोनची. त्या दिवशी अनोळखी नंबरावरून फोनच आला नसेल, तर माणूस दारात आला असण्याची शक्यता थोडीच. काही कंपन्या नकार नोंदवण्यापूर्वी गिऱ्हाइकाकडून ओटीपी घेतात. कंपनी निवडताना ही सोय आहे का, हे अवश्य विचारावे.

आता उपाय. न पोचलेल्या पार्सलांची यादी NDR या नावाखाली दिसते. ती रोज संध्याकाळी दिवेलागणीला पाहायचीच, जशी आपण धार काढायची वेळ चुकवत नाही. कारण उत्तर द्यायला बहुधा एखाद-दुसरा दिवसच मिळतो आणि साधारणपणे तीन खेपांनंतर पार्सल परतीला लागते. यादीत नाव दिसताच गिऱ्हाइकाला फोन करावा. "कुणी आले होते का? फोन आला होता का? उद्या घरी कोण आहे?" एवढे तीनच प्रश्न. कुणी आले नसेल, तर तसे दोन ओळींत व्हॉट्सअॅपवर लिहून मागावे आणि त्या दिवशीच्या फोनयादीचे छायाचित्रही मागावे. मग Re-attempt, म्हणजे पुन्हा खेप, हे बटण दाबून जवळची खूण व दुसरा नंबर भरावा आणि पुराव्यासह त्याच दिवशी तक्रार नोंदवावी. पार्सल परतीला लागल्यावर तक्रार केली तर माल थांबत नाही. फार तर परतीचे भाडे मिळते, आणि तेही पुरावा असेल तरच.

खऱ्या नकारांचे औषध वेगळे. ते माल निघण्यापूर्वी द्यावे लागते. मागणी आली की त्याच दिवशी फोन करून नाव, माल, रक्कम व पत्ता वाचून दाखवावा. दोनदा फोन उचलला नाही, तर माल पाठवू नये. पाठवणीत दिरंगाई करू नये, कारण गिऱ्हाइकाची हौस दिवसागणिक निवत जाते. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद होता. कृष्णा-पंचगंगेला पाणी चढू लागले की उधारीच्या मागण्या घेणे थांबवावे आणि तसे स्पष्ट सांगावे.

आणि व्ही.पी.ची ती जुनी युक्ती! वहिनींनी 540 पैकी 150 रुपये यूपीआयने आगाऊ घ्यायचे आणि 390 दारात, असे ठरवले. त्यांना भीती होती की मागण्या घटतील. घटल्याच, वीसच्या पंधरा झाल्या. पण पुढच्या महिन्यात चौदा पोचल्या, एकच परत आली. चौदांचे 1,820, त्यातून परतीचे 280 वजा, पण आगाऊ आलेले 150 जमा. हाती 1,690 रुपये. कुठे 140 आणि कुठे 1,690! मात्र आगाऊ रक्कम केव्हा परत मिळेल आणि केव्हा नाही, हे आधीच सांगावे. कुरिअरवाला गेलाच नसेल, तर ती गिऱ्हाइकाला बिनतक्रार परत करावी. चूक त्याची नव्हे. वाडीचे पेढे, बासुंदी, कवठाची बर्फी असला नासणारा माल तर पूर्ण पैसे आल्याशिवाय पाठवूच नये. तो परत येईतो खाण्याजोगा राहत नाही.

शेवटी पैशाच्या दिरंगाईची गोष्ट. वहिनींच्या मुलीची वसतिगृहाची फी 15 तारखेला भरायची होती. त्यांना वाटले, माल 8 तारखेला पोचला म्हणजे पैसे येतीलच. आले 19 तारखेला. फीला दंड बसला आणि मुलीला फोनवर रडू आले. कुणी पैसे खाल्ले होते का? नाही. गिऱ्हाइकाने दिलेले पैसे पोचवणाऱ्या मुलाकडून गावातल्या कचेरीत, तेथून कुरिअर कंपनीकडे, तेथून मध्यस्थ कंपनीकडे आणि मग आपल्या बँकेत येतात. खोके सोमवारी 3 तारखेला निघाले, शनिवारी 8 ला पोचले. करारात पोचल्यापासून आठ दिवस होते. ते भरले रविवारी 16 ला, आणि कंपनी पैसे सोडते फक्त बुधवारी. म्हणून 19. हे दिवस व वार प्रत्येक कंपनीचे निराळे असतात. करार करताना तेच आधी वाचावे. जादा आकार घेऊन लवकर पैसे देणाऱ्या योजनाही असतात, पण 130 रुपयांच्या नफ्यात तो आकार परवडतो का, हे पाहावे.

वीस खोक्यांत वहिनींचे माल, बांधणी आणि आधी भरलेले भाडे मिळून 7,400 रुपये सोळा दिवस अडकून पडत. एवढे भांडवल बाजूला ठेवता येत असेल, तेवढीच खोकी पाठवावीत. ज्या पैशाची तारीख ठरलेली आहे, तो कुरिअरच्या भरवशावर ठेवू नये.

साध्या वहीत सहा रकाने आखा: निघाल्याची तारीख, पार्सलाचा क्रमांक, पोचल्याची तारीख, पैसे यायची तारीख, प्रत्यक्ष आल्याची तारीख आणि रक्कम. बँकेत जमा झालेला आकडा एकगठ्ठा असतो. त्यातून परतीचे भाडेही वजा झालेले असते. कंपनीच्या यादीवरून प्रत्येक पार्सल ताडून पाहावे. ठरलेली तारीख उलटली आणि रक्कम आली नाही, तर त्या एका पार्सलाचा क्रमांक देऊन लेखी विचारावे. "आमचे पैसे आले नाहीत" एवढ्याने कुणी हलत नाही. खात्यावरचे नाव आणि बँकेचा IFSC बरोबर आहेत ना, हे पहिल्याच वेळी तपासावे. बँकांच्या विलीनीकरणात अनेक शाखांचे हे क्रमांक बदलले आहेत.

परवा पुन्हा वाडीला गेलो. ओसरीच्या कोपऱ्यात एकच खोके होते. मी विचारले तेव्हा वहिनी हसून म्हणाल्या, "हे परत आलेलं न्हवं साहेब. उद्या जायाचं हाय. फोन उचलला गिऱ्हाइकानं!" वही त्यांच्या शेजारीच उघडी होती.