पीआयपी: कामात सुधारणेची संधी की नोकरीवरून काढण्याची तयारी?

'तुमची कामगिरी अपेक्षेपेक्षा कमी आहे. ३० दिवसांत सुधारणा दाखवा.' असं पत्र हातात पडलं की बहुतेकांना वाटतं, नोकरी गेली. या पत्राला परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन, म्हणजेच 'पीआयपी' म्हणतात. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांमध्ये तो जास्त ऐकू येतो. पण टार्गेटवर चालणारी कुठलीही नोकरी त्याच्या कक्षेत येऊ शकते, अगदी परभणी जिल्ह्यातली कर्जवसुलीसुद्धा.

पीआयपी प्रामाणिक आहे की नाही, हे कसं ओळखायचं? एक उदाहरण घेऊ.

कमतरता नेमकी कुणाची?

समजा, जिंतूर तालुक्यात एका मायक्रोफायनान्स कंपनीचा फिल्ड ऑफिसर आहे. त्याच्याकडे ४०० कर्जखाती आहेत आणि हप्ते मासिक आहेत. ९८ टक्के खात्यांचा हप्ता वेळेत यावा, हे टार्गेट. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो आला ९१ टक्के खात्यांचा, म्हणजे ३६ खाती थकली.

'वसुली कमी' एवढंच लिहिलं, तर ती तक्रार झाली. योजना करायची तर ही ३६ खाती उलगडावी लागतात. समजा, त्यातली २२ खाती सप्टेंबरच्या अतिवृष्टीत सोयाबीन गेलेल्या कुटुंबांची निघाली. ८ कर्जदार ऊसतोडीला बाहेरगावी गेलेले. उरलेली ६ खाती अशी की, ऑफिसरने केंद्र बैठकच घेतली नाही किंवा हप्ता चुकल्यावर तो पुन्हा फिरकला नाही.

त्याची स्वतःची कमतरता या ६ खात्यांत आहे. बाकीच्या ३० खात्यांचा दोषही त्याच्याच नावावर टाकला, तर तो कितीही सुधारला तरी आकडा फारसा हलणार नाही.

मदत म्हणजे काय?

'वरिष्ठ मार्गदर्शन करतील' हे वाक्य मदतीत धरता येत नाही. कोण, काय, कधी करणार, हे लिहिलेलं हवं. आपल्या उदाहरणात शाखा व्यवस्थापकाने आठवड्यातून एक दिवस ऑफिसरसोबत गावात जाणं, ही मदत झाली. पिकाचं नुकसान झालेल्या २२ खात्यांचे हप्ते नियमात बसत असतील तर पुढे ढकलायचे का, याचा निर्णय ठरलेल्या तारखेपर्यंत देणं, हीसुद्धा मदतच. तो अधिकार ऑफिसरकडे नसतो.

टार्गेटच्या दबावाला दुसरी बाजूही आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार मायक्रोफायनान्स कर्जदाराला वसुलीसाठी सकाळी ९ पूर्वी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. हा नियम मोडल्याशिवाय जे टार्गेट गाठताच येत नाही, ते योजनेत ठेवणं चूक आहे.

३० दिवस का पुरत नाहीत?

मासिक हप्त्याच्या कामात ३० दिवसांत प्रत्येक खात्याचा एकच हप्ता येतो. एका हप्त्यावरून सवय सुधारली की योगायोग होता, हे कळत नाही. ९० दिवसांत तीन हप्ते दिसतात. म्हणून ३०, ६० आणि ९० व्या दिवशी आढावा घेणं योग्य ठरेल.

हंगामही पाहावा लागतो. जून-जुलैत पैसा पेरणीत जातो, तर कापसाचा पैसा दिवाळीनंतर हळूहळू येतो. पेरणीच्या दिवसांत लावलेल्या पीआयपीत माणसापेक्षा हंगामाचीच परीक्षा होते.

प्रत्येक आढाव्याची लेखी नोंद हवी. आढावेच झाले नाहीत, टार्गेट मध्येच बदललं किंवा कबूल केलेली मदत आली नाही आणि शेवटच्या दिवशी थेट 'अपयशी' शेरा आला, तर निर्णय आधीच झाला होता असा संशय घ्यायला जागा आहे.

कायदा काय सांगतो?

काढण्याआधी पीआयपी द्यावाच, असं कामगार कायदा सांगत नाही. पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत शिस्तभंगाची शिक्षा वगळता इतर बहुतेक कारणांनी कामगाराला काढणं 'कामगार कपात' या व्याख्येत येतं. 'कामगिरी कमी' हे कारण शिस्तभंगाचं नाही. त्यामुळे किमान वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो.

मर्यादाही आहे. व्यवस्थापकीय काम करणारे आणि महिना १८ हजारांपेक्षा जास्त पगार असलेले पर्यवेक्षक 'कामगार' ठरत नाहीत. मात्र हे ठरवताना प्रत्यक्ष काम पाहिलं जातं. नुसत्या 'ऑफिसर' या पदनामाने हक्क जात नाही.

म्हणून पीआयपीवर सही करताना 'मान्य' ऐवजी 'प्रत मिळाली' असं लिहा. आक्षेप असतील तर त्याच आठवड्यात ईमेलने कळवा आणि त्यात खातीनिहाय कारणं द्या. पुढे वाद झालाच, तर ३६ पैकी ६ हा हिशोब तुमच्याकडे कागदावर असेल.