लाईट लागला, आता कागद मागा!

दिवाळीच्या सुट्टीत पिंपळनेरला मामाकडे गेलो होतो. फराळ अजून पूर्ण पोटात उतरलाही नव्हता, तेवढ्यात मामा मोबाईल कानाला लावून अंगणातून आत आले. चेहरा उतरलेला. "भाचा, लाईट लागेल शे, नी ह्या ब्याऐंशी हजार मांगी ऱ्हायनात!"

लाईट म्हणजे मामांच्या डिझेल पिकअपच्या मीटरवरचा तो पिवळा इंजिनाचा दिवा. दोन दिवसांपूर्वी तो लागला, गाडीची ओढ कमी झाली आणि मामांनी गाडी धुळ्याच्या एका वर्कशॉपला नेऊन लावली. वर्कशॉपचं नाव इथे देत नाही, त्याची गरजही नाही. तिथून फोनवर निकाल आला होता : सायलेन्सरमधला फिल्टर चोक झालाय, नवा टाकावा लागेल, ८२ हजार, "हो म्हणा म्हणजे पार्ट मागवतो." कांदा काढणीला आलेला, गाडी दारात नाही, आणि घरातली सगळी मंडळी माझ्याकडे बघतायत. कारण मी मेकॅनिकलला आहे ना! (मित्रांनो, घरी आपल्याला मिक्सरपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळंच यायला पाहिजे असा समज असतो, हा अनुभव तुम्हालाही असेलच.)

खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही काही कळत नव्हतं. मी एवढंच म्हणालो, "मामा, हो म्हणू नका. आधी त्यांच्याकडून कोड लेखी मागा."

आता हा कोड काय प्रकार आहे? आपल्याकडे २०१३ पासून बीएस-4 गाड्यांना ओबीडी-2 म्हणजे गाडीतच बसवलेली स्वनिदानाची व्यवस्था आली आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-6 लागू झाल्यावर तिचं काम आणखी वाढलं. इंजिनाचा कॉम्प्युटर सगळ्या सेन्सरांवर नजर ठेवतो. काही बिनसलं की दिवा लावतो आणि आपल्या वहीत एक नोंद करतो. ती नोंद म्हणजे कोड. एक अक्षर आणि चार आकडे. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला की ती वाचता येते.

पण इथेच सगळी गफलत होते. कोड म्हणजे निदान नव्हे. ताप १०२ आहे हे थर्मामीटर सांगतो, मलेरिया आहे की टायफॉईड हे सांगत नाही. कॉम्प्युटरला काय खटकलं एवढंच कोड सांगतो. कुठला पार्ट मेला हे माणसाने तपासून ठरवायचं असतं. फोनवर "फिल्टर गेला" असं सांगतात तेव्हा कोड किती आणि तपास किती हे कळायला मार्ग नसतो. कागदावर मात्र दोन्ही वेगळे लिहावे लागतात.

मामांनी फोन लावला. सुपरवायझर आधी चिडलेच. "आमच्याकडे असं लिहून द्यायची पद्धत नाही." मी फोन घेतला आणि शक्य तितक्या नम्रपणे म्हणालो, "साहेब, तपासणीचे जे पैसे होतील ते आम्ही देतो. फक्त तीन गोष्टी पाठवा. स्क्रीनवर जे कोड आहेत ते जसेच्या तसे, प्रत्येक कोड किती किलोमीटरला आला आणि त्या वेळचे आकडे, आणि फिल्टर बदलायचं कुठली चाचणी करून ठरवलं ते. आणि कोड अजून मिटवू नका." तपासणीचे पैसे देतो म्हटल्यावर आवाज बराच निवळला. यात त्यांचं फार चुकलं असंही मला वाटत नाही. तासभर डोकं लावून तपासायचं, आणि गिऱ्हाईक 'नुसतं बघितलं त्याचे कसले पैसे?' म्हणून निघून जाणार! मग पार्ट विकूनच पैसे काढायची सवय लागते. तपासणीचे ८०० रुपये वेगळे द्यायची आपली तयारी नसेल, तर लेखी निदान मागायचा आपला हक्कही जरा लंगडाच.

संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फोटो आला. त्यात दोन कोड होते.

`P2463` : फिल्टरमध्ये काजळी जास्त साठली. गाडीने दिलेलं वाचन ६१,३८८ किलोमीटर.
`P2453` : फिल्टरच्या दाब-सेन्सरचं वाचन पटण्यासारखं नाही. ६१,२४० किलोमीटर.

फोनवर फक्त पहिल्याचा उल्लेख झाला होता. दुसरा कुणी सांगितलाच नव्हता. आणि किलोमीटर बघा : सेन्सरची तक्रार काजळीच्या तक्रारीआधी १४८ किलोमीटर आलेली! चाचणीच्या रकान्यात मात्र काहीच नव्हतं.

इथे थोडं फिल्टरविषयी. डिझेलच्या धुरातली काजळी अडवायला मधाच्या पोळ्यासारखी एक जाळी असते. जाळी भरत आली की कॉम्प्युटर जादा डिझेल मारून तिचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतो आणि काजळी जाळून टाकतो. शेत ते बाजार, बाजार ते घर अशा छोट्या फेऱ्यांत धूर एवढा तापतच नाही, त्यामुळे जाळणं अर्धवट राहतं आणि आपल्या भागातल्या गाड्यांना हा दिवा जास्त दिसतो. आता जाळी किती भरली हे कॉम्प्युटरला आतून दिसत नाही. जाळीच्या आधीचा आणि नंतरचा दाब दोन बारीक नळ्यांतून एका सेन्सरकडे येतो, त्या दोघांतला फरक बघून तो बराचसा अंदाज बांधतो. फरक जास्त, म्हणजे जाळी भरलेली.

मग सेन्सरच खोटं बोलत असेल तर?

यासाठी एक चाचणी आहे, तिला ना पार्ट लागतो ना खोलाखोल. चावी ऑन करायची, इंजिन सुरू करायचं नाही आणि स्कॅनरवर दाबातला फरक बघायचा. इंजिन बंद म्हणजे धूर वाहत नाही. धूर वाहत नाही म्हणजे दोन्हीकडे दाब सारखा. म्हणजे आकडा शून्य किंवा त्याच्या अगदी जवळ हवा. मग जाळी कितीही चोक असो! आपण फ्लुईड मेकॅनिक्सला मॅनोमीटरची गणितं रट्टा मारून सोडवतो, पण ती अशी पिंपळनेरच्या ओट्यावर उपयोगी पडतील असं परीक्षेच्या आदल्या रात्री कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि मामा एसटीने साक्रीमार्गे धुळ्याला गेलो. सुपरवायझरसमोरच आकडे घेतले. इंजिन बंद : ३८ मिलिबार. आयडलला : ४६. अडीच हजार आरपीएमला : ६३. सरळ वजाबाकी करा. सुरुवातीचे ३८ खोटे, म्हणजे आयडलला खरा फरक ८ आणि अडीच हजारला २५. जाळीत काजळी होती, नाही असं नाही, पण टाकून द्यायच्या लायकीची नव्हती. शिवाय काजळी जळते. न जळणारी राख साठून जाळी कायमची भरायला साधारणपणे लाख-दीड लाख किलोमीटरच्या पुढचा प्रवास लागतो, ही गाडी साठीतच होती.

उलटं घडलं असतं तर? इंजिन बंद असताना शून्य, सुरू केल्यावर आकडा झपकन वर, जाळायचा प्रयत्न करूनही खाली येत नाही, असं दिसलं असतं तर मीच मामांना सांगितलं असतं, "मुकाट्याने पैसे द्या." कागद मागितला की खर्च वाचतोच असं नाही.

शेवटी दोन्ही नळ्या फुंकून बघितल्या, त्या मोकळ्या होत्या. सेन्सर बदलला, स्कॅनरवरून शून्य जुळवून घेतलं, इंजिन ऑईलमध्ये डिझेल उतरलंय का ते बघितलं आणि मग गाडी मोकळ्या जागेत उभी करून स्कॅनरने काजळी जाळली. त्याला पंचवीस मिनिटं लागली. (हे काम खळ्यात, चाऱ्याजवळ कधी करू नये, सायलेन्सर भयंकर तापतो.) तपासणीसह एकूण बिल ६,९०० रुपये. बिलावर मी दोन्ही कोड आणि आधी-नंतरचे आकडे लिहून घेतले, कारण सहा महिन्यांनी पुन्हा दिवा लागला तर सुरुवात कुठून करायची ते कळेल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवा दिल्यावर बिल न देणं ही अनुचित प्रथा आहे. पण कायदा दाखवायची वेळ आली नाही. सुपरवायझरच शेवटी चहा पाजायला लागले.

याआधी मामांना गावातल्या एका ओळखीच्याने वेगळाच सल्ला दिला होता : "तीनशे रुपये द्या, कोड उडवून देतो." माझ्या मते ८२ हजारांपेक्षा हे तीनशे जास्त महाग पडले असते. कोड मिटवला की त्यासोबत त्या वेळचे आकडेही जातात, आणि ६१,२४० आधी की ६१,३८८ आधी हे आम्हाला कधीच कळलं नसतं. हॉस्टेलवर ज्यांच्याकडे पाचशेचा ब्लूटूथ डोंगल आहे त्यांनीही हे लक्षात ठेवावं. वाचा खुशाल, पण इरेजच्या बटणाला हात लावू नका. आणि त्यात सगळं दिसतं असंही समजू नका, कंपनीचे खास कोड आणि असे दाबाचे आकडे बऱ्याचदा त्यात येतच नाहीत.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. ही कागदाची चैन स्थिर पिवळ्या दिव्यापुरती. ऑईलचा लाल दिवा लागला किंवा टेंपरेचरचा काटा लालमध्ये गेला, तर रस्त्याच्या कडेला घेऊन इंजिन बंद करा. पेट्रोल गाडीत इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल तर मिसफायर चालू असतो, तेव्हाही पुढे रेटू नका. कागद मग गाडी टो करून नेल्यावर मागा.

काढलेला सेन्सर मागून घेतला होता, तो सुट्टी संपल्यावर बॅगेतून हॉस्टेलवर आणला. इन्स्ट्रुमेंटेशनच्या लॅबमध्ये सरांना विचारून त्याला पाच व्होल्ट दिले, दोन्ही तोंडं हवेत उघडी ठेवली आणि मल्टीमीटर लावला. नव्या सेन्सरचं वाचन अर्ध्या व्होल्टला स्थिर होतं. आमचा ०.९ दाखवत होता, आणि पेनाने टकटक केलं की कधी १.१, कधी ०.७. सरांनी तो परत दिला नाही. पुढच्या बॅचच्या प्रॅक्टिकलला ठेवून घेतलाय म्हणाले.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी