दहा पाउंडांची पैज, दोन हजारांचं देणं

इंग्लंडमध्ये राहणारा माझा मावसभाऊ गेल्या महिन्यात फोनवर म्हणाला, "भाई, हा जुगार नाही. ट्रेडिंग आहे. मी रन विकतो." जुगार हराम आहे हे आपल्या घरात लहान मुलालाही ठाऊक असतं. म्हणूनच असे धंदे आता नाव बदलून घरात येतात. मी त्याला आयत ऐकवली नाही. कागद-पेन घ्यायला सांगितलं.

याला तिकडे स्प्रेड बेटिंग म्हणतात. एखादा फलंदाज किती धावा करील याचे कंपनी दोन आकडे देते. समजा, ३२ आणि ३६. तो जास्त करील असं वाटलं, तर ३६ ला 'बाय' करायचं. कमी करील असं वाटलं, तर ३२ ला 'सेल'. मधल्या चार धावांचा फरक ही कंपनीची कमाई. आणि पैसे लावायचे ते प्रत्येक धावेमागे. इथेच माणूस फसतो. साध्या पैजेत दहा पाउंड लावले तर जास्तीत जास्त दहा जातात. इथे दहा पाउंड म्हणजे एका धावेची किंमत. शेवटी किती धावांचा फरक पडेल, हे पैज लावताना कोणालाच माहीत नसतं.

१३ नोव्हेंबर २०१४ चा ईडन गार्डन्सवरचा सामना घ्या. श्रीलंकेविरुद्ध रोहित शर्मा चार धावांवर असताना त्याचा झेल सुटला. भाव मी समजण्यासाठी वरचेच धरतो. ३२ ला दहा पाउंडांनी 'सेल' केलेल्या माणसाला रोहित शून्यावर बाद झाला असता तर ३२० पाउंड मिळाले असते. त्याहून एक पेनीही जास्त नाही, कारण शून्याच्या खाली धावा जात नाहीत. पण रोहितने त्या दिवशी २६४ केल्या. २६४ वजा ३२ म्हणजे २३२ धावा, गुणिले दहा. देणं २,३२० पाउंड.

'बाय' करणाऱ्याचं नुकसान निदान आधी मोजता येतं. फलंदाज शून्यावर गेला तर ३६० पाउंड. तेही त्या 'दहा पाउंडां'च्या छत्तीसपट आहेत. 'सेल' करणाऱ्याला मात्र वर छतच नाही.

मावसभाऊ म्हणाला, "पण मी बहुतेक वेळा जिंकतो." खरं आहे, आणि तोच सापळा आहे. फलंदाजाची सरासरी थोड्या मोठ्या खेळींमुळे वर चढलेली असते. निम्म्याहून जास्त डावांत तो सरासरीच्या खालीच बाद होतो. त्यामुळे विकणारा पुन्हा पुन्हा जिंकतो. १२, २५ आणि ५ अशा तीन डावांत ३२ ला विकणाऱ्याला २०, ७ आणि २७ धावा, म्हणजे एकूण ५४० पाउंड मिळतात. त्याला वाटतं, आपल्याला खेळ कळतो. मग एक २६४ येते आणि हिशोब उणे १,७८० वर जातो.

"मध्येच बाहेर पडेन," तो म्हणाला. पडता येतं, पण भाव तोपर्यंत पळालेला असतो. फलंदाज शंभरवर असताना स्प्रेड समजा १३५–१४१ झाला, तर सुटायला १४१ ला 'बाय' करावं लागेल. म्हणजे १०९ धावांचं, १,०९० पाउंडांचं नुकसान तिथेच पक्कं. नुकसानाला मर्यादा घालायची सोय असेल, तर ती पैज लावण्याआधी घ्यावी लागते, झेल सुटल्यावर नाही. खात्यात भरलेली रक्कम म्हणजे मर्यादा नव्हे.

आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो, पैजेचे पैसे कोर्टातून वसूल करता येत नाहीत. ब्रिटनमध्ये स्प्रेड बेटिंग आर्थिक व्यवहारांच्या नियामकाखाली, एफसीएखाली येतं आणि हरलेली रक्कम कायदेशीर देणं ठरते. ट्रेडिंगसारखं त्यात जर काही असेल, तर ते हे देणं आहे.

मी सॉफ्टवेअर लिहितो. कोड बहुतेक वेळा चालतो, एवढ्यावर आम्ही तो पुढे पाठवत नाही. सगळ्यात वाईट इनपुट आलं तर काय होईल, हे आधी बघतो. मावसभावाला मी एवढंच विचारलं, "तुझ्या पगारात किती धावा बसतात?"

तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, "खालाला सांगणार नाहीस ना?" मी म्हटलं, "हिशोब तूच सांग तिला."